डिझाइनचा खर्च नगावर वाटायचा की लाइनवर टाकायचा? कूलरच्या एका मॉडेलचा पूर्ण हिशोब

हिंगणा एमआयडीसीत कूलर बनवणाऱ्यांच्या कॉस्टिंग शीटमध्ये मला एक ओळ वारंवार भेटते: ‘डिझाइन खर्च, प्रति नग २०० रुपये’. पत्रा, मोटर, पंप, पॅड, मजुरी यांच्या रांगेत ती अशी बसलेली असते की जणू प्रत्येक कूलरबरोबर डिझायनरलाही २०० रुपये मोजावे लागतात. मग मे महिन्यात मालक विचारतो, “सर, शीटमध्ये तर दर नगामागे नफा दिसतोय, मग बँकेत पैसा का नाही?”

चूक बेरजेत नसते. एकदाच झालेला खर्च दर नगाला होणाऱ्या खर्चासारखा मांडला, तिथेच हिशोब घसरतो. हा हिशोब कोणत्या क्रमाने करायचा ते खाली एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरण प्लॅस्टिक बॉडीच्या नव्या डेझर्ट कूलरचं आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

## तयारी: बसण्याआधी काय काय हाताशी हवं

तीन गोष्टी लागतात. पहिली, मॉडेलचा विचार सुरू झाल्यापासूनची सगळी बिलं: डिझायनरची, नमुन्यांची, चाचण्यांची, कंट्रोल सर्किटची. दुसरी, मोल्डचं बिल, आणि ते वेगळ्या फाइलमध्ये. तिसरी गोष्ट बहुतेकांकडे नसते: आपला पगारी इंजिनिअर या मॉडेलवर किती दिवस बसला याची साधी नोंद. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केलेली असली तरी चालेल. नोंदच नसेल तर त्याचा पगार या मॉडेलवर अंदाजाने टाकू नका. तो कुठे जातो ते पुढे येईलच.

मोल्ड वेगळा ठेवायला सांगतो, कारण ती वस्तू आहे. ती झिजते, गहाण ठेवता येते आणि शेवटी भंगारात का होईना, विकली जाते. ड्रॉइंगचं तसं नाही. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की पुढचा प्रत्येक प्रश्न अडतो.

## टप्पा १: खर्चाचे तीन ढीग करा

प्रत्येक बिल हातात घेऊन दोनच प्रश्न विचारायचे. उद्या आणखी एक कूलर बनवला तर हा खर्च पुन्हा होईल का? आणि हे मॉडेल बंद केलं तरी पुढच्या वर्षी हा खर्च चालूच राहील का?

पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तो नगामागचा खर्च. आपल्या उदाहरणात डिझायनरशी ठरलेली प्रति कूलर ३० रुपयांची रॉयल्टी इथे बसते. हा खर्च खऱ्या अर्थाने पुन्हा पुन्हा होणारा आहे. तो पत्र्याच्या आणि मोटरच्या रांगेत असायलाच हवा.

दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तो वर्षाचा खर्च. पगारी इंजिनिअर दर पावसाळ्यात पुढच्या सीझनचं काहीतरी करतच असतो. एका वर्षी ग्रिल बदलतो, दुसऱ्या वर्षी पाण्याची टाकी. हे मॉडेल काढलं नसतं तरी त्याचा पगार झालाच असता. लाकडी भुशाचं पॅड की हनीकोंब पॅड, यावर कारखान्यात सतत चालणारे प्रयोगही याच ढिगात, कारण त्याचा फायदा सगळ्याच मॉडेलना होतो. हा खर्च कारखान्याचा असतो, एका लाइनचा नाही.

दोन्हींना ‘नाही’ आलं की तो एकदाचा खर्च. आपल्या मॉडेलसाठी तो असा निघाला:

- बाहेरच्या डिझायनरची फी: ३,६०,०००
- तीन नमुने: १,८०,०००
- हवेचा झोत, गारवा आणि विजेच्या सुरक्षिततेच्या चाचण्या: १,२०,०००
- कंट्रोल सर्किटचा आराखडा: १,४०,०००

एकूण ८,००,००० रुपये. मोल्डचे १८,००,००० वेगळे.

> थांबा, तपासा. डिझायनरची फी आणि त्याची रॉयल्टी एकाच बिलात आली असेल तर ती फोडा. मी स्वतः एका कारखान्यात हे न फोडता पूर्ण रक्कम एकदाच्या ढिगात टाकली होती. दुसऱ्या सीझनला रॉयल्टीचं नवं बिल आलं तेव्हा कळलं की नगामागचा खर्च आपण वर्षभर कमी धरला होता आणि दरही त्यावरच ठरवला होता.

## टप्पा २: लाइनची हद्द आखा

‘प्रॉडक्ट लाइन’ म्हणजे नक्की काय, हे आधी कागदावर लिहा. नाहीतर खर्च एका लाइनवर पडतो आणि विक्री दुसरीकडे मोजली जाते.

साधा नियम असा: जे नग त्याच मोल्डमधून आणि त्याच ड्रॉइंगवरून निघतात ते एका लाइनचे. फक्त रंग बदलला किंवा चाकं लावली, तरी लाइन तीच. टाकी मोठी केली आणि त्यासाठी नवा मोल्ड लागला, तर लाइन नवी. लाइनला एक जॉब नंबर द्या आणि टॅलीत त्याच नावाचं कॉस्ट सेंटर उघडा. त्या दिवसापासून या मॉडेलचं प्रत्येक बिल तिथेच पडलं पाहिजे. सीझन संपल्यावर बसून आठवून वाटणी करणाऱ्यांची वाटणी नेहमी लाडक्या मॉडेलच्या बाजूने झुकते, हे मी बरंच पाहिलंय.

## टप्पा ३: नगावर भागण्याआधी ‘किती नगांत फिटेल’ हे काढा

बहुतेक जण इथे क्रम उलटा करतात. आधी सीझनचा अंदाज धरतात, समजा ४,००० कूलर. मग ८,००,००० ला ४,००० ने भागतात आणि २०० रुपये शीटमध्ये लिहून मोकळे होतात. पण हे २०० रुपये अंदाजावर उभे आहेत. अंदाज हलला की ते खोटे.

त्याऐवजी असं करा. डीलरला आपला दर ५,८०० रुपये. नगामागचा खर्च, म्हणजे माल, मजुरी, पॅकिंग आणि रॉयल्टी धरून, ४,९०० रुपये. म्हणजे प्रत्येक कूलरमागे ९०० रुपये हातात उरतात. या ९०० मधून लाइनचे स्वतःचे खर्च फेडायचे आहेत:

- मोल्ड चार सीझन चालेल असं धरून या सीझनचा वाटा: ४,५०,०००
- फक्त या मॉडेलची जाहिरात, डीलर स्कीम आणि सर्व्हिसची धावपळ: ५,५०,०००
- डिझाइनचा एकदाचा खर्च: ८,००,०००

बेरीज १८,००,०००. तिला ९०० ने भागलं की २,००० कूलर. लाइनचा खरा आकडा हा. दोन हजारावा कूलर गेटबाहेर गेला की डिझाइन फिटलं, आणि त्यानंतरचे ९०० रुपये कारखान्याच्या बाकी खर्चाला आणि नफ्याला. हा आकडा मालकाच्या, सुपरवायझरच्या आणि विक्रीवाल्याच्या डोक्यात राहतो. ‘प्रति नग २०० रुपये’ कुणाच्या डोक्यात राहत नाही, आणि राहिलं तरी त्यावरून काही करता येत नाही.

पहिल्याच सीझनमध्ये पूर्ण ८ लाख फेडायचे हा माझा हट्ट आहे. ज्यांचं मॉडेल तीन-चार वर्षं तसंच विकलं जातं, त्यांनी दोन सीझनचा हिशोब धरला तरी वावगं नाही. पण कूलरमध्ये शेजारच्या प्लॉटवाला पुढच्या फेब्रुवारीत तसाच चेहरा असलेलं मॉडेल घेऊन उभा असतो, म्हणून मी घाई करतो.

## टप्पा ४: सीझन फसला तर दोन्ही पद्धती काय दाखवतात ते पाहा

समजा मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि मालाचा उठाव मंदावला. विक्री १,६०० वर थांबली.

नगावर वाटणाऱ्याची शीट सांगते: १,६०० गुणिले २०० म्हणजे ३,२०,००० डिझाइन खर्च वसूल झाला, दर नगामागे नफाही झाला. उरलेले ४,८०,००० त्या शीटमध्ये कुठेच नाहीत. ते न विकलेल्या २,४०० कूलरच्या नावावर होते, आणि ते कूलर बनलेच नाहीत. बँकेत पैसा का नाही, याचं उत्तर इथे आहे. मोल्ड आणि जाहिरातही त्याने तशीच ४,००० वर वाटली असेल तर भोक आणखी मोठं.

लाइनवर टाकणाऱ्याची वही सांगते: १,६०० गुणिले ९०० म्हणजे १४,४०,०००. त्यातून मोल्ड आणि जाहिरात मिळून १०,००,००० गेले. उरले ४,४०,०००. डिझाइनची बाकी ८,००,००० वरून ३,६०,००० वर आली. अजून ४०० कूलर हवे होते. वाईट बातमी आहे, पण ती वेळेत आणि पूर्ण मिळाली.

नगावर वाटणारा पुढच्या वर्षी आणखी एक पाऊल टाकतो, आणि ते जास्त महाग पडतं. राहिलेले ४,८०,००० तो या वेळी १,६०० वर भागतो. आता ‘डिझाइन खर्च, प्रति नग ३०० रुपये’. शीट सांगते म्हणून दर वाढवतो, डीलर दुसरीकडे वळतो, विक्री आणखी घटते, आणि तिसऱ्या वर्षी भागाकार आणखी फुगतो. कूलर बनवायला एक रुपयाही जास्त लागलेला नसतो, तरी तो शीटवर दरवर्षी महाग होत जातो.

> इशारा. मागच्या सीझनचा न फिटलेला डिझाइन खर्च पुढच्या सीझनच्या दरात घालू नका. दर बाजार ठरवतो. न फिटलेली रक्कम लाइनच्या वहीत बाकी म्हणूनच दिसू द्या.

## टप्पा ५: मोठी ऑर्डर कमी दरात आली तर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका वसतिगृहाकडून ३०० कूलरची चौकशी येते. दर ५,३०० रुपये.

वाटणीची शीट काढा: ४,९०० नगामागचा खर्च, २०० डिझाइन, मोल्डचे ११२.५०, जाहिरात वगैरेचे १३७.५०. एकूण ५,३५०. “नगामागे ५० रुपये तोटा, नको,” असं म्हणून ऑर्डर परत जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याच आठवड्यात तो कारखाना अर्धा दिवस बंद होता.

लाइनच्या वहीने विचार केला तर या ३०० कूलरमुळे डिझायनरला नवी फी द्यायची नाही, नवा मोल्डही करायचा नाही. ५,३०० मधून ४,९०० गेले, ४०० उरले. ३०० नगांचे १,२०,००० रुपये. डिझाइनची बाकी ३,६०,००० वरून २,४०,००० वर येते. ऑर्डर घ्यावी.

मात्र तीन गोष्टी आधी तपासा. मशीन रिकामी आहे ना? मार्चमध्ये हीच ऑर्डर आली असती तर ५,८०० ची ३०० गिऱ्हाइकं हुकली असती. हा दर डीलरच्या कानावर जाणार नाही ना? इतवारीतल्या दुकानात बातमी संध्याकाळपर्यंत पोचते, म्हणून बिलावर मॉडेलचं नाव आणि वॉरंटीच्या अटी वेगळ्या ठेवणारेही आहेत. आणि तिसरी, हा दर सवयीचा होणार नाही ना? कारण सगळेच कूलर ५,३०० ला जाऊ लागले, तर १८,००,००० फेडायला २,००० नाही, ४,५०० कूलर लागतील. त्या दराला लाइन कधीच फिटणार नाही.

## टप्पा ६: लाइन चालू ठेवायची की बंद करायची

पहिला सीझन असा गेल्यावर हा प्रश्न येतोच, आणि इथे लाइनची वही सांभाळणारेही चुकतात. “अजून अडीच लाख अडकलेत, कशी बंद करू?” असं म्हणून ओढत राहतात. किंवा उलट, “डिझाइनच फिटलं नाही, टाका बंद करून.”

झालेल्या डिझाइन खर्चाचा या निर्णयाशी संबंध नाही. लाइन बंद केली तरी तो परत येणार नाही. पुढच्या सीझनला जो पैसा नव्याने लागेल तेवढाच धरा: जाहिरात, स्कीम आणि सर्व्हिसचे ५,५०,०००. ९०० ने भागलं की साधारण ६१२ कूलर. मोल्ड विकून काही मिळणार असेल तर ती रक्कमही यात मिळवा, कारण लाइन चालू ठेवली की ती सोडावी लागते. एवढे कूलर खात्रीने जातील असं वाटत असेल तर लाइन चालू ठेवण्यात फायदा आहे, मग वहीतली बाकी कितीही असो. नसतील तर बंद करा, बाकी कितीही कमी असो.

म्हणजे एकाच लाइनला दोन आकडे झाले. मॉडेल काढताना विचारायचा आकडा २,०००, आणि काढून झाल्यावर विचारायचा आकडा ६१२. दुसऱ्या प्रश्नाला पहिला आकडा लावणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक आहे.

## टप्पा ७: ३१ मार्चचे हिशोब वेगळे ठेवा

आतापर्यंतची वही मालकाच्या निर्णयासाठी होती. ताळेबंदाचे नियम वेगळे आहेत, आणि कूलरवाल्यांना ते जास्त बोचतात, कारण ३१ मार्चला गोदाम भरलेलं असतं.

समजा त्या दिवशी ह्या मॉडेलचे १,१०० कूलर पडून आहेत आणि तुम्ही साठ्याचं मूल्य काढताना कॉस्टिंग शीटमधले २०० रुपये डिझाइनचे धरले. २,२०,००० रुपयांचा खर्च साठ्यात लपला आणि वर्षाचा नफा तेवढाच फुगला. साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक, एएस २, हे विशिष्ट ग्राहकासाठी केलेल्या डिझाइनचा खर्च साठ्यात धरायला वाव देतं. बाजारात सगळ्यांना विकायच्या मॉडेलला तो वाव लागू होत नाही. ती ओळ काढा.

मग ८ लाखांचं काय? एएस २६ प्रमाणे संशोधनाच्या टप्प्यातला खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. विकासाच्या टप्प्यातला खर्च अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवता येतो, पण सहा अटी पूर्ण झाल्या तरच: ते तांत्रिकदृष्ट्या जमणारं आहे, पूर्ण करायचा इरादा आहे, वापरण्याची किंवा विकण्याची क्षमता आहे, त्यातून पैसा कसा येईल हे दाखवता येतं, पूर्ण करायला साधनं आहेत, आणि खर्च भरवशाने मोजता येतो. अडतं ते शेवटच्या अटीवर. टप्पा २ मधलं कॉस्ट सेंटर उघडलं नसेल तर ही अट सिद्ध करणं कठीण. अटी पूर्ण झाल्या तर ती रक्कम मॉडेलच्या उपयुक्त आयुष्यावर वाटली जाते. चार सीझन धरले तर वर्षाला २,००,०००.

> इशारा. एका वर्षी खर्च म्हणून दाखवलेली रक्कम पुढच्या वर्षी “आता मॉडेल चाललंय” म्हणून मालमत्तेत आणता येत नाही. निर्णय वर्ष संपण्याआधी सीएबरोबर बसून घ्या. आयकरात हा खर्च कधी वजा मिळतो हा तिसराच प्रश्न आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यामुळे जुन्या कलमांचे आकडे पाठ असतील तरी पुन्हा विचारा.

ताळेबंदात काहीही दाखवलं तरी टप्पा ३ ची वही बदलत नाही. तिथे बाकी ८ लाखांपासूनच सुरू होते.

## नगावर वाटणं कुठे बरोबर आहे

एका ठिकाणी ते बरोबरच आहे: नगांची संख्या दुसऱ्याने बांधून दिलेली असते तिथे. बुटीबोरीत सुटे भाग बनवणाऱ्यांना हे रोजचं आहे. मोठा ग्राहक म्हणतो, डिझाइन आणि टूलिंगचे पैसे वेगळे देणार नाही, भागाच्या दरात घाला. ६,००,००० चा खर्च आणि ३०,००० नग ठरले असतील तर प्रति नग २० रुपये, हा भागाकार चालतो.

पण तो कराराच्या कागदावर लिहून घ्या. तीन ओळी पुरतात: किती नगांवर आणि किती महिन्यांत वसूल करायचं, तेवढे नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम कोण आणि कधी देणार, आणि ३०,००० नंतर दर २० रुपयांनी उतरणार की नाही. दुसरी ओळ नसेल तर ग्राहकाचं मॉडेल बंद पडल्यावर बाकी तुमच्या डोक्यावर. तिसरी नसेल तर ग्राहकाचा खरेदी अधिकारी ती तुम्हाला न विचारता लागू करतो, आणि तोवर ते २० रुपये तुम्ही नफ्यात धरलेले असतात.

कूलरच्या शीटमध्येही हाच धडा उलट बाजूने लागू होतो. दोन हजारावा कूलर गेला, डिझाइन फिटलं, तरी ती २०० रुपयांची ओळ शीटमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहते. मग टेंडरमध्ये दीडशे रुपयांनी काम जातं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडा, हाती उरलेली रक्कम लाइनच्या बाकीतून वजा करा, आणि बाकी शून्यावर आली त्या दिवशी तारीख लिहून लाल शाईने रेघ मारा. कॉस्टिंग शीटमधून ती ओळ त्याच दिवशी काढा.